एक आणि पाच यांच्या मधलं पाणी

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की घराघरात ओरड होते. त्या पाण्याचा गढूळपणा साधारण वीस-तीस एनटीयूच्या घरात असतो. एनटीयू हे गढूळपणा मोजण्याचं एकक. आपल्या डोळ्यांना मात्र साधारण चार-पाच एनटीयूपर्यंत काहीच जाणवत नाही. पेल्यातलं पाणी स्वच्छच दिसतं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, म्हणजे आयएस १०५०० ची २०१२ सालची आवृत्ती, सांगतं की गढूळपणा १ एनटीयूपर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर ५ एनटीयूपर्यंत चालवून घ्यावा. म्हणजे कायद्याची रेघ नेमकी तिथे ओढली आहे जिथे डोळा काम करत नाही. हा आग्रह दिसण्यासाठी नाही. पाण्यातल्या मातीच्या सूक्ष्म कणांना जंतू चिकटून राहतात, कणांच्या आडोशाने ते क्लोरीनपासून वाचतात, आणि सेंद्रिय गाळ असेल तर तो क्लोरीनही खाऊन टाकतो.

पर्यावरण अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वस्त पाणी-तपासणी किट बनवायचं म्हटलं की पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: हे किट एक आणि पाच यांच्यातला फरक ओळखतं का? कॉलेजांच्या प्रकल्प-प्रदर्शनांत मांडलेल्या बहुतेक किटांना तो ओळखता येत नाही. पडद्यावर आकडा झळकतो, मोबाइलवर आलेख सरकतो, पण तो आकडा पिण्याच्या पाण्याबद्दल काहीही सांगत नसतो. असं का होतं हे समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यावरचा उपाय महाग नाही.

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर 'टर्बिडिटी सेन्सर' मागितला तर बहुधा एक दोन बोटांचं पारदर्शक प्लास्टिकचं टोपण हातात पडतं. हा मूळचा वॉशिंग मशीन आणि भांडी धुण्याच्या मशीनमधला सुटा भाग. एका बोटात प्रकाश सोडणारा एलईडी आणि समोरच्या बोटात प्रकाश टिपणारा ट्रान्झिस्टर. मधल्या पाण्यातून किती प्रकाश पार झाला, तेवढंच तो सांगतो. कपड्यांचा मळ निघाला की नाही हे ठरवायला एवढं पुरेसं आहे. विद्यार्थी तो अर्डुइनो बोर्डाला जोडतात आणि इंटरनेटवर सगळीकडे फिरणारं एक सूत्र उतरवून घेतात:

```
NTU = -1120.4*V*V + 5742.3*V - 4352.9
```

यातला `V` म्हणजे सेन्सरकडून येणारा व्होल्टेज. स्वच्छ पाण्यात तो सुमारे ४.२ व्होल्ट धरलेला आहे. आता जरा हिशोब करू. या सूत्रानुसार ४.२ व्होल्टच्या आसपास एक मिलिव्होल्ट कमी झाला की गढूळपणा साडेतीन एनटीयूहून थोडा जास्तच वाढतो. अर्डुइनो उनो हा बोर्ड पाच व्होल्टचे १०२४ भाग करतो, म्हणजे त्याची सर्वांत लहान पायरी जवळजवळ ४.९ मिलिव्होल्टची. दोन्हींचा गुणाकार केला की कळतं, किटवरचा आकडा एका पायरीने सरकला तर तो सुमारे १८ एनटीयूंनी सरकतो. ज्या कामासाठी एक आणि पाच वेगळे दिसायला हवेत, तिथे या पट्टीवर शून्यानंतरची पहिली खूण थेट अठरावर आहे. शिवाय ते सूत्र कुणीतरी आपल्या एका सेन्सरवर काढलेलं. तुमच्या हातातला सेन्सर स्वच्छ पाण्यात ४.१ व्होल्ट देत असेल तर निर्मळ पाण्यालाही तो साडेतीनशेहून अधिक एनटीयू ठरवेल. हा सेन्सर नदीच्या पुराचं किंवा सांडपाण्याचं पाणी बघायला ठीक. पिण्याच्या पाण्यासाठी तो वापरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग करायचं काय? पार झालेला प्रकाश मोजण्याऐवजी विखुरलेला प्रकाश मोजायचा. दुपारी अंधाऱ्या माजघरात कौलातून कवडसा उतरतो तेव्हा एरवी न दिसणारी धूळ चमकताना दिसते, कारण आपण प्रकाशाकडे न बघता त्याच्याकडे बाजूने बघतो आणि मागे अंधार असतो. प्रयोगशाळेतलं नेफेलोमीटर याच तत्त्वावर चालतं. प्रकाशाचा झोत पाण्यातून सरळ जातो आणि टिपणारा सेन्सर त्याच्याशी काटकोनात, ९० अंशांवर बसवलेला असतो. पाणी निर्मळ असेल तर सेन्सरसमोर जवळजवळ अंधार. कण आले की अंधारात उजेड येतो. भरपूर उजेडातली किंचित घट ओळखणं अवघड, पण अंधारातला किंचित उजेड ओळखणं सोपं. सगळी किमया या कोनाची आहे.

हे घडवायला लागणारं सामान साधं आहे. काचेची झाकणाची सपाट बुडाची छोटी बाटली, ती घट्ट बसेल एवढ्या व्यासाचा नळीचा तुकडा, त्याला काटकोनात पाडलेली दोन भोकं, एकात अवरक्त एलईडी आणि दुसऱ्यात प्रकाशसंवेदी डायोड. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ७०२७ मध्ये ८६० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश सांगितला आहे. बाजारात सहज मिळणारा ८५० नॅनोमीटरचा एलईडी त्याच्या अगदी जवळचा. अवरक्त प्रकाशाचा फायदा असा की पालापाचोळ्याने पिवळसर झालेल्या पाण्याचा रंग त्याला फारसा अडवत नाही, म्हणून रंगाची गल्लत गढूळपणात होत नाही. डायोडकडून येणारा प्रवाह अतिशय क्षीण असतो. त्यासाठी ओपीटी १०१ सारखी, डायोड आणि प्रवर्धक एकाच चकतीवर असलेली चिप घ्यावी. तिचा व्होल्टेज मोजायला अर्डुइनोच्या अंगच्या दहा बिटांवर विसंबू नये, एडीएस १११५ हा सोळा बिटांचा छोटा बोर्ड जोडावा. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या गटाने २०१४ मध्ये अशाच विचाराचं, अवरक्त एलईडीवर चालणारं, हातात मावणारं गढूळपणा-मापक बनवून त्याचा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला होता. त्यानंतर जगभर त्याची अनेक रूपं झाली.

नळीच्या बाबतीत एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. डोळ्यांना काळं दिसणारं प्लास्टिक अवरक्त प्रकाशाला काळं असेलच असं नाही. थ्री-डी प्रिंटरवर काळ्या प्लास्टिकमध्ये छापलेली सुबक पेटीसुद्धा उन्हात नेली की आतला सेन्सर जागा होतो. म्हणून जोडणी झाल्यावर पहिली चाचणी एलईडी बंद ठेवून करायची. आधी खोलीत आकडा बघायचा, मग तीच पेटी उन्हात धरून बघायचा. दोन्हीकडे तोच आकडा आला तर पेटी खरी काळी. वाढला, तर बाहेरून अॅल्युमिनियमची चिकटपट्टी गुंडाळायची आणि आतून चमक नसलेला काळा रंग द्यायचा. एलईडी चालू आहे की नाही हे डोळ्यांना दिसणार नाही, पण मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यात बहुधा तो फिकट जांभळा ठिपका होऊन दिसतो.

आता पेटी तयार आहे, ती व्होल्टेज दाखवते. व्होल्टेजपासून एनटीयूपर्यंत जायचं तर ज्याचा गढूळपणा आधीच माहीत आहे असं द्रावण लागतं. त्यासाठी जगभर फॉर्माझिन वापरतात. हायड्रॅझिन सल्फेट आणि हेक्झामाइन यांची द्रावणं एकत्र करून २५ अंशांच्या आसपास चोवीस तास ठेवली की ४००० एनटीयूचं दुधाळ मूळ द्रावण बनतं. हायड्रॅझिन सल्फेट विषारी असून कर्करोगाचा धोका असणारं रसायन आहे, त्यामुळे हे काम विद्यार्थ्यांनी हॉस्टेलच्या खोलीत करायचं नाही. हातमोजे, धूर ओढणारं कपाट आणि शेजारी उभे असलेले सर किंवा मॅडम, हे सगळं हवं. तयार द्रावणाची बाटलीही मिळते, पण ती कधीकधी अख्ख्या किटपेक्षा महाग पडते. कॉलेजने एक बाटली घेऊन दहा गटांनी वापरणं हेच शहाणपणाचं.

४००० एनटीयूच्या द्रावणातून पिपेटने एक मिलिलिटर घेऊन १०० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये ऊर्ध्वपातित पाण्याने खुणेपर्यंत भरलं की ४० एनटीयू झालं. त्यातलं २५ मिलिलिटर पुन्हा १०० केलं की १० एनटीयू. पातळ केलेली ही द्रावणं टिकत नाहीत, ज्या दिवशी लागतील त्याच दिवशी बनवायची. समजा किटने ऊर्ध्वपातित पाण्याला ५२ मिलिव्होल्ट दाखवले, १० एनटीयूला २१२ आणि ४० एनटीयूला ६९०. दहा एनटीयूंसाठी १६० मिलिव्होल्ट वाढले, म्हणजे एका एनटीयूला १६. चाळीससाठी ६३८ वाढले, म्हणजे एका एनटीयूला जवळजवळ तेवढेच. दोन्ही उत्तरं जुळली, याचा अर्थ शून्यापासून चाळीसपर्यंत किट सरळ रेषेत चालतं. आता नळाच्या पाण्याने ११६ मिलिव्होल्ट दिले तर त्यातून ५२ वजा करून १६ ने भागायचं. उत्तर ४ एनटीयू. डोळ्यांना हे पाणी स्वच्छ दिसतंय, किटला दिसत नाही.

पण एवढ्यावर थांबलेला विद्यार्थी अर्ध्यावरच थांबला. निर्मळ पाण्याचे ते ५२ मिलिव्होल्ट खरे किती पक्के? तीच बाटली काढून, पुसून, पुन्हा बसवून दहा वेळा मोजावी. आकडा ४८, ५५, ५१ असा हलणारच. त्या हलण्याचं प्रमाण विचलन काढायचं आणि त्याची तिप्पट करायची. विचलन तीन मिलिव्होल्ट असेल तर तिप्पट नऊ, म्हणजे सुमारे ०.६ एनटीयू. याहून कमी गढूळपणा हे किट ओळखतं असं म्हणता येणार नाही. अहवालात '०.२३ एनटीयू' असं छापलेलं दिसलं तर ती दोन दशांशस्थळं बिनबुडाची आहेत. तिथे '०.६ पेक्षा कमी' असंच लिहायला हवं. माझ्या मते परीक्षकांनी प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न याच आकड्याबद्दल विचारावा.

विचलन मोठं आलं तर दोष बहुतेक वेळा इलेक्ट्रॉनिक्सचा नसतो, काचेचा असतो. साध्या बाटलीची काच सगळीकडे सारखी जाड नसते. बाटली फिरवली की आकडा फिरतो. म्हणून बाटलीवर तेलरंगाची एक बारीक खूण करायची, पेटीवर दुसरी, आणि दर वेळी खुणेला खूण लावूनच बाटली बसवायची. सर्व नमुने आणि प्रमाण द्रावणंही त्याच एका बाटलीत मोजायची. बोटांचे ठसे प्रकाश विखुरतात, म्हणून बाटली नेहमी मानेशी धरायची आणि मऊ सुती कापडाने पुसायची. थंड पाणी दमट हवेत आणलं की काचेवर दव धरतं. आकडा हळूहळू चढत राहिला तर दवाचा संशय घ्यावा. आकडा मध्येच उसळ्या मारू लागला तर आत हवेचे बुडबुडे आहेत, बाटली हलक्या हाताने उलटसुलट करून मिनिटभर थांबावं. आकडा सावकाश उतरत गेला तर जड माती तळाशी बसते आहे. तिथे बाटली सावकाश उलटी करून लगेच मोजायचं आणि दर वेळी तेवढेच सेकंद थांबायचं. काय चुकतंय हे आकड्याच्या चालीवरूनच कळतं, म्हणून एकच आकडा टिपून न थांबता मिनिटभर त्याच्याकडे बघत राहावं.

पाणी फारच गढूळ असेल तर आणखी एक फसगत होते. कण इतके दाट होतात की विखुरलेला प्रकाश सेन्सरपर्यंत पोचण्याआधीच दुसऱ्या कणांवर आपटतो आणि आकडा वाढायचा तर घटू लागतो. पुराचं पाणी मग सांडपाण्याहून स्वच्छ ठरतं. ओळखायची खूण सोपी आहे. नमुन्यात तेवढंच निर्मळ पाणी मिसळायचं. आकडा निम्मा झाला तर मोजमाप पट्टीच्या आत आहे. निम्मा न होता तिथेच राहिला किंवा वाढला, तर नमुना आणखी पातळ करून मोजायचा आणि उत्तराला तितक्या पटीने गुणायचं.

किटमधली दुसरी मोजणी सामूची, म्हणजे पीएचची. माती परीक्षणाच्या पत्रिकेत शेतकऱ्यांना दिसणारा सामू तो हाच. सात म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी. पिण्याच्या पाण्यासाठी मानकाने ६.५ ते ८.५ ही मर्यादा घातली आहे आणि तिला सूट नाही. महाराष्ट्रात या मोजणीला फार अर्थ आहे. देशावरच्या काळ्या पाषाणातलं विहिरीचं पाणी बहुधा सात ते साडेआठच्या दरम्यान अल्कधर्मी असतं, तर रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोव्याच्या जांभ्या दगडातलं पाणी किंचित आम्लधर्मी असतं आणि ते साडेसहाच्या खालीही जातं. असं पाणी लोखंडी आणि जस्ताच्या नळांना हळूहळू खात राहतं.

इथे गढूळपणाच्या नेमकं उलटं आहे. इलेक्ट्रॉनिक्स सोपं, निगा अवघड. काचेच्या इलेक्ट्रोडच्या टोकाला पातळ फुगा असतो. आतल्या आणि बाहेरच्या द्रावणात सामूचा एका अंकाचा फरक झाला की २५ अंशांना ५९ मिलिव्होल्टचा फरक निर्माण होतो. काचेचा विद्युतरोध प्रचंड, म्हणून हा व्होल्टेज थेट अर्डुइनोला जोडून मोजता येत नाही, मध्ये प्रवर्धकाचा बोर्ड लागतो. इलेक्ट्रोड आणि बोर्ड मिळून हजार-दीड हजारात मिळतात. समजा बोर्डाने ७ सामूच्या बफर द्रावणात २.५० व्होल्ट दिले आणि ४ च्या बफरमध्ये ३.०३. तीन अंकांना ०.५३ व्होल्ट, म्हणजे एका अंकाला ०.१७७. मग २.३६ व्होल्ट देणाऱ्या पाण्याचा सामू ७.८ झाला. अर्डुइनोची ४.९ मिलिव्होल्टची पायरी इथे सामूच्या ०.०३ एवढीच भरते, त्यामुळे सामूसाठी साधा बोर्डही पुरतो.

पुरत नाही ती शिस्त. इलेक्ट्रोडचं टोक कोरडं पडू द्यायचं नाही आणि ऊर्ध्वपातित पाण्यातही ठेवायचं नाही. त्याने आतले क्षार बाहेर झिरपतात आणि इलेक्ट्रोड लवकर मरतो. टोपणात पोटॅशियम क्लोराइडचं तीन मोलरचं द्रावण भरून ठेवायचं. बफरमधली तफावत दर आठवड्याला वहीत लिहायची. ७ आणि ४ मधला ०.५३ व्होल्टचा फरक महिन्या-दोन महिन्यांत ०.४५ वर आला असेल, तर इलेक्ट्रोड थकला. पुष्कळ विद्यार्थी आकडा तपासायला ऊर्ध्वपातित पाणी घेतात आणि सात न येता साडेपाच-सहा आला की यंत्राला दोष देतात. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून त्या पाण्याचा सामू खरोखरच ५.६ च्या जवळ जातो. शिवाय त्यात क्षार जवळजवळ नसल्यामुळे इलेक्ट्रोड तिथे स्थिरही होत नाही.

बोअरवेलच्या पाण्यात याच वायूचा उलटा खेळ असतो. जमिनीखाली पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळलेला असतो. पाणी उपसून उघडं ठेवलं की तो उडून जातो आणि सामू वाढत जातो. सकाळी गावात भरलेली बाटली संध्याकाळी कॉलेजात मोजली तर उत्तर गावच्या पाण्याचं उरत नाही. सामू जागेवरच मोजायचा असतो, आणि स्वस्त, हातात नेता येणाऱ्या किटचं सर्वांत मोठं मोल इथेच आहे.

जागेवर नेताना मात्र एक खड्डा आहे. अर्डुइनो व्होल्टेज मोजतो तो स्वतःला मिळणाऱ्या पाच व्होल्टशी तुलना करून. प्रयोगशाळेत लॅपटॉपवर बफर लावले आणि शेतात पॉवर बँकवर मोजलं, आणि लांब केबलमुळे बोर्डापर्यंत ४.७५ व्होल्टच पोचले, तर इलेक्ट्रोडच्या बोर्डाकडून तेच २.३६ व्होल्ट येऊनही अर्डुइनो त्याला २.४८ समजेल. ७.८ चा सामू ७.१ दिसेल. आकडा अगदी शक्य कोटीतला वाटतो, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. स्वतःचा स्थिर संदर्भ व्होल्टेज असलेला एडीएस १११५ बोर्ड गढूळपणासाठी आपण घेतलेलाच आहे, सामूही त्याच्याच दुसऱ्या वाहिनीवर घ्यावा. आणि गावात पोचल्यावर बादलीत हात घालण्याआधी सातचा बफर एकदा मोजून बघावा.

आता या दोन मोजण्या एकाच पेटीत का? कारण जलशुद्धीकरण केंद्रात त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, आणि तुरटीचा प्रयोग हा ते पाहण्याचा उत्तम मार्ग. प्रयोगशाळेत याला जार टेस्ट म्हणतात. नदीचं एकेक लिटर पाणी सहा चंचुपात्रांत घ्यायचं. शंभर मिलिलिटर पाण्यात एक ग्रॅम तुरटी विरघळवून ठेवायची, म्हणजे तिचा प्रत्येक मिलिलिटर लिटरमागे दहा मिलिग्रॅम तुरटी देतो. पात्रांत एक ते सहा मिलिलिटर घालायची, मिनिटभर जोरात ढवळायचं, मग वीस मिनिटं अगदी सावकाश, आणि अर्धा तास निवळू द्यायचं. सावकाश ढवळताना पाण्यात आधी काहीच दिसत नाही, मग डोळ्यांदेखत बारीक पुंजके जमू लागतात, मोठे होतात आणि ढवळणं थांबताच खाली उतरू लागतात. वरचं पाणी हळूच पिपेटने काढून किटमध्ये मोजायचं.

पावसाळ्यातल्या एखाद्या देशावरच्या नदीचं उदाहरण घेऊ. मूळ पाणी ८५ एनटीयू, सामू ७.९, आणि क्षारता, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद, लिटरमागे १२० मिलिग्रॅम. दहा मिलिग्रॅम तुरटीला गढूळपणा ३८ वर येईल, वीसला १४, तीसला ६, चाळीसला ३, पन्नासलाही ३ च्या आसपास, आणि साठला थोडा वाढलेला. जास्त तुरटीने कण पुन्हा एकमेकांना दूर सारू लागतात म्हणून वाढ. या ओळीत एक ते पाचच्या मधला फरक दाखवू शकणारं किट 'चाळीस पुरे' असं सांगतं. वॉशिंग मशीनवालं किट सहा, तीन आणि साडेचार यांना एकच समजेल.

सामू दुसरी बाजू दाखवतो. एक मिलिग्रॅम तुरटी साधारण अर्धा मिलिग्रॅम क्षारता खाते. चाळीस मिलिग्रॅम तुरटीने वीस मिलिग्रॅम क्षारता जाईल, शंभर उरेल, आणि सामू ७.९ वरून सातच्या आसपास उतरेल. तुरटीला काम करायला ही जागा सोयीची आहे आणि पुढे क्लोरीनलाही, कारण सामू आठच्या वर गेला की क्लोरीनचा जंतुनाशक जोर बराच उतरतो. आता तोच प्रयोग कोकणातल्या ओढ्याच्या पाण्यावर करा, जिथे सामू ६.६ आणि क्षारता जेमतेम तीस आहे. चाळीस मिलिग्रॅम तुरटीनंतर क्षारता दहाच उरते आणि सामू सहाच्या खाली जातो. पाणी निवळेल कदाचित, पण मानकाबाहेर जाईल आणि नळ खाऊ लागेल. तिथे तुरटीबरोबर चुन्याची निवळी घालावी लागते. फक्त गढूळपणा बघणाऱ्या विद्यार्थ्याला हे कळणारच नाही.

सामू आणि आम्लता यांची गल्लतही याच टेबलावर सुटते. सामू सांगतो या क्षणी पाणी किती आम्लधर्मी आहे. त्यात एकूण आम्ल किती साठलं आहे हे सांगत नाही. त्यासाठी ब्युरेट लागते. शंभर मिलिलिटर नमुन्यात ०.०२ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने सोडायचं. सामू ८.३ झाला की थांबायचं. जितके मिलिलिटर लागले त्याला दहाने गुणलं की कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात लिटरमागे मिलिग्रॅम आम्लता मिळते. एरवी ८.३ ओळखायला फिनॉल्फ्थॅलिनची गुलाबी छटा बघतात. पाणी रंगीत असेल तर ती छटा दिसत नाही, तिथे किटमधला इलेक्ट्रोड चांगला उपयोगी पडतो. म्हणजे ब्युरेटची एक नळी जोडली की हजार-दीड हजाराचा इलेक्ट्रोड एक नवं मापन देऊ लागतो.

हे किट बनवणाऱ्यांनी पेटीच्या झाकणावर दोन ओळी चिकटवाव्यात असं मला मनापासून वाटतं. एक, गढूळपणा अमुक एनटीयूच्या खाली कळत नाही आणि अमुकच्या वर पातळ करून मोजावा. दुसरी, बफर शेवटचे कधी लावले ती तारीख. गावात किट दाखवायला नेलं की लोक विचारतात, 'पाणी चांगलं आहे ना?' यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत हातपंपाचं पाणी एक एनटीयूच्या आत आणि साडेसात सामूचं असूनही त्यात दात आणि हाडं बिघडवणारं फ्लोराइड असतं. नायट्रेट आणि जंतूही या पेटीला दिसत नाहीत. त्या प्रश्नाला उत्तर देताना विद्यार्थ्याने गढूळपणा आणि सामू एवढंच सांगावं, आणि उरलेल्यासाठी बाटली भरून जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेकडे पाठवावी. जंतूंसाठी ती बाटली निर्जंतुक असावी, नळाला तोंड लागू न देता भरलेली, आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवलेली.